पुढच्या वर्षाचा फॉरवर्ड रेट: एकाच गणिताची तीन उत्तरं

अभिजित_केगाव

नमस्कार मंडळी. मी सोलापूर विद्यापीठात एम.कॉम.ला आहे. सरावाच्या एका गणितावर आम्ही तिघं कालपासून अडलोय. प्रश्न असा:

एक वर्षाचा झिरो कूपन बाँड ६.५० टक्क्यांनी मिळतो. दुसरा बाँड दोन वर्षांचा. दर्शनी किंमत १००, कूपन वर्षाला एकदा ९ रुपये, आजचा भाव १०३.८३. एक वर्षानंतर सुरू होणाऱ्या एका वर्षाचा फॉरवर्ड रेट काढा आणि अपेक्षा सिद्धांताप्रमाणे त्याचा अर्थ सांगा.

माझं उत्तर ७.२७ आलं, रूमवरच्या मित्राचं ७.३० आणि वर्गातल्या मैत्रिणीचं ७.३१. सूत्र तिघांनीही एकच वापरलं. s1 आणि s2 म्हणजे आजपासूनचे एक आणि दोन वर्षांचे स्पॉट दर, f म्हणजे फॉरवर्ड:

```
(1 + s2)^2 = (1 + s1) * (1 + f)
```

मग उत्तरं तीन कशी? आणि 'अर्थ सांगा' यात नेमकं काय लिहायचं? बाजाराला वाटतं पुढच्या वर्षी दर इतका असेल, एवढं एक वाक्य पुरतं का?

---

नवीपेठकर

सोपं आहे बे. दोन वर्षांच्या दराची दुप्पट करायची आणि त्यातून एक वर्षाचा दर वजा करायचा. दोन वर्षांचा ६.९० धरला तर १३.८० वजा ६.५०, म्हणजे ७.३०. तुझा रूमवाला बरोबर. वर्ग, वर्गमूळ कशाला करत बसायचं?

अर्थही सरळ आहे. दोन वर्षांचा दर एक वर्षाच्या दरापेक्षा जास्त आहे, म्हणजे पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँक दर वाढवणार. तसं वाटत नसतं तर दोन वर्षांसाठी जास्त व्याज कुणी दिलं असतं?

---

टॉवेल_अक्कलकोट_रोड

हा विषय आमच्या रोजच्या कामाचा. आमचे टेरी टॉवेल बाहेर जातात, पेमेंट डॉलरमध्ये येतं. ऑर्डर मिळाली की आम्ही बँकेत फॉरवर्ड बुक करतो. आजच्या स्पॉट रेटवर बँक सहा महिन्यांचं प्रीमियम मिळवून रेट देते. माझा अनुभव असा की बँकेचा फॉरवर्ड रेट आणि सहा महिन्यांनंतरचा खरा रेट क्वचितच जुळतो. तेव्हा 'बाजाराला असं वाटतं' हे लिहिताना विचार करा. तुमच्या गणितात डॉलरचा भाव मात्र कुठे दिसला नाही, तो दिला नाहीये का?

---

डीलिंगरूम

मी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत सरकारी रोख्यांच्या डेस्कवर होतो, आता निवृत्त होऊन गावी आलोय. एकेक घेऊ.

टॉवेलवाले साहेब, हा फॉरवर्ड वेगळा. तुमचा आहे चलनाचा, यांचा व्याजदराचा. तुमच्या प्रीमियममध्ये मुख्यतः रुपया आणि डॉलर यांच्या व्याजातला फरक असतो. यांच्या गणितात चलन एकच आहे, मुदती दोन आहेत. पण तुम्ही जे निरीक्षण सांगितलंत ते इथेही लागू पडतं, त्याच्याकडे शेवटी येतो.

अभिजित, आधी तुझं ७.२७. तू १०३.८३ या भावाला वायटीएम काढलास, तो ६.८८५ च्या आसपास येतो, आणि तोच s2 म्हणून सूत्रात घातलास. बरोबर ना? गडबड तिथेच आहे. वायटीएम हा अख्ख्या बाँडला लावलेला एकच दर. या बाँडमधून ९ रुपये एका वर्षाने येतात आणि १०९ दोन वर्षांनी. एका वर्षाने येणाऱ्या ९ रुपयांना बाजाराचा भाव ६.५० आहे, हे प्रश्नातच दिलंय. म्हणजे वायटीएममध्ये थोडा ६.५० मिसळलाय आणि बाकीचा खरा दोन वर्षांचा दर. त्यामुळे तो खऱ्या दोन वर्षांच्या स्पॉटपेक्षा कमी दिसतो. यील्ड कर्व्ह उलटा उतरता असता तर हाच वायटीएम जास्त दिसला असता. कूपन जितकं मोठं तितकी ही भेसळ जास्त.

म्हणून आधी कूपन बाजूला काढायचं. ९ भागिले १.०६५, म्हणजे ८.४५०७. हे १०३.८३ मधून वजा केलं की ९५.३७९३ उरतात. ही किंमत फक्त दोन वर्षांनी मिळणाऱ्या १०९ रुपयांची, म्हणजे आता हातात शुद्ध झिरो कूपन आला. १०९ भागिले ९५.३७९३ म्हणजे १.१४२८०६. आज गुंतवलेला एक रुपया दोन वर्षांनी एवढा होतो.

आता याला १.०६५ ने भाग. १.०७३०५७ येतं. फॉरवर्ड ७.३०६ टक्के, दोन दशांशात ७.३१. मैत्रिणीचं उत्तर बरोबर.

तुझ्या मित्राने वर्गमूळ काढून ६.९०२ आणलं असणार, मग ६.९० लिहून पुन्हा वर्ग केला असणार. तेवढ्या गोळाबेरजेत ७.३१ चं ७.३० झालं. फॉरवर्डसाठी वर्गमूळ काढायची गरजच नाही. एक्सेलमध्ये एका ओळीत होतं:

```
=109/(103.83-9/1.065)/1.065-1
```

उत्तर तपासायचं असेल तर उलटं जा. ९ भागिले १.०६५, अधिक १०९ भागिले १.०६५ आणि तुझा फॉरवर्ड यांचा गुणाकार. बेरीज १०३.८३ यायला हवी. ७.२७ घालून बघ, १०३.८६ येतं, तीन पैसे जास्त. डेस्कवर तीन पैशांचा फरक दिसला की आम्ही थांबून कारण शोधायचो.

---

अभिजित_केगाव

काका, तपासून बघितलं. ७.२७ ला १०३.८६ आलं, ७.३१ ला १०३.८३. एकदम स्पष्ट झालं, धन्यवाद.

पण नवीपेठकरांच्या पद्धतीने ६.९०२ घेतलं तर ७.३०४ येतं, तेही जवळच आहे. मग ती पद्धत चूक म्हणायची का?

---

डीलिंगरूम

चूक नाही, अंदाज म्हणून उत्तम आहे. डीलरही तोंडी हिशेब असाच करतात. व्याजावरचं व्याज त्यातून सुटतं, म्हणून दोन दरांतलं अंतर वाढलं की चूक वाढते. एक वर्षाचा ४ आणि दोन वर्षांचा ७ असेल तर शॉर्टकटने १० येतात, खरं उत्तर १०.०९. अंदाजाला चालेल, परीक्षेच्या पेपरात आणि सौद्यात चालणार नाही.

नवीपेठकर, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही. ७.३१ हा आकडा काढताना आपण कुणाची अपेक्षा विचारली का? फक्त दोन भाव घेतले. समजा मी आज एक वर्षासाठी १ लाख रुपये ६.५० ने उसने घेतले आणि दोन वर्षांच्या झिरो कूपनमध्ये घातले. आज माझ्या खिशातून काहीच गेलं नाही. एका वर्षाने मला १,०६,५०० फेडायचे आहेत, दोन वर्षांनी १,१४,२८१ मिळणार आहेत. म्हणजे एका वर्षानंतर सुरू होणारी एक वर्षाची गुंतवणूक मी आजच ७.३१ टक्क्यांनी पक्की केली. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने काहीही केलं तरी माझा हा दर हलत नाही. कुणी मला हीच गोष्ट ७.६० ने देऊ केली तर मी त्याच्याकडून ती घेईन आणि वरचाच सौदा उलटा करून फरक खिशात घालीन. असं करणारे बरेच असतात, म्हणून आकडा ७.३१ पाशी टिकतो. इथपर्यंत सिद्धांत कुठेच आला नाही.

अपेक्षा सिद्धांत यापुढे एक पाऊल टाकतो. तो म्हणतो, हा ७.३१ म्हणजेच पुढच्या वर्षीच्या एक वर्षाच्या दराबद्दल बाजाराचा अंदाज. हे पाऊल खरं ठरायला एक अट आहे. दोन वर्षांसाठी पैसे अडकवणं आणि एकेक वर्षाने नूतनीकरण करणं यांत गुंतवणूकदाराला काहीही डावं-उजवं वाटता कामा नये. जिथे सरासरी परतावा जास्त तिथे तो जाईल, बाकी कशाची पर्वा करणार नाही. अभिजित, 'अर्थ सांगा' याच्या उत्तरात ही अट लिही. त्याशिवाय उत्तर अर्धवट राहतं.

---

शैलजाताई_जुळे_सोलापूर

मी शाळेतून निवृत्त झाले आहे. अपेक्षा-सिद्धांत वगैरे मला फारसं कळत नाही, पण हे वाचून वाटलं की माझा प्रश्न हाच आहे. बँकेत एक वर्षाच्या ठेवीला ६.५० आणि दोन वर्षांच्या ठेवीला ६.९० व्याज सांगितलं. व्याज तिमाहीने मुद्दलात मिळतं. दोन वर्षांची करू की एकेक वर्षाने करू? डीलिंगरूम काका, ७.३१ माझ्यासाठी पण खरा आहे का?

---

डीलिंगरूम

ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आलाय. तुमचं व्याज तिमाही चक्रवाढ आहे, म्हणून आकडे थोडे बदलतात. १ लाख एका वर्षात १,०६,६६० होतात आणि दोन वर्षांत १,१४,६६३. म्हणजे दुसऱ्या वर्षात १,०६,६६० चे १,१४,६६३ होतात. बँकेच्या तक्त्याच्या भाषेत सांगायचं तर हा तिमाही चक्रवाढीचा ७.३० टक्के दर झाला.

याचा उपयोग असा. पुढच्या वर्षी तुमची बँक एक वर्षाच्या ठेवीला ७.३० पेक्षा जास्त देईल असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर आज एक वर्षाची करा. तसं वाटत नसेल तर दोन वर्षांची. बरोबरी कुठे होते ते हा आकडा सांगतो.

पण यावरून 'पुढच्या वर्षी दर ७.३० होणार' असं समजू नका. ठेवीचा दर रोज हजारो लोक बोली लावून ठरवत नाहीत, बँक आपल्या गरजेप्रमाणे ठरवते. एखाद्या बँकेला दोन वर्षांचा पैसा हवा असला की ती त्याच मुदतीचा दर चढवून ठेवते. त्यात बाजाराची अपेक्षा शोधण्यात अर्थ नाही. शिवाय ठेव मध्येच मोडता येते, दंड भरून का होईना, आणि ती सोय आपल्या गणितात धरलेलीच नाही.

---

शैलजाताई_जुळे_सोलापूर

समजलं. ७.३० एवढं लक्षात ठेवते. ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त मिळतो, तो दोन्हींत मिळवला तर?

---

डीलिंगरूम

दोन्ही मुदतींना तेवढाच मिळत असेल तर बरोबरीचा आकडाही जवळपास अर्ध्या टक्क्याने वर जाईल, ७.८०. पुढच्या वर्षीचा ज्येष्ठांचा दर त्याच्याशी ताडून बघा.

---

होटगीरोड_अर्थ

मी कॉलेजवर अर्थशास्त्र शिकवते. डीलिंगरूम यांनी अट सांगितली ते बरं झालं, कारण परीक्षेत बहुतेक मुलं फॉरवर्ड आणि अपेक्षा यांच्यामध्ये सरळ बरोबरचं चिन्ह टाकून मोकळी होतात.

ती अट प्रत्यक्षात पाळली जात नाही, हे हिक्स यांनी १९३९ मध्येच मांडलं होतं. लांब मुदतीसाठी पैसे अडकवणाऱ्याला त्याचा मोबदला हवा असतो. मग ७.३१ मध्ये थोडी अपेक्षा आणि थोडा मोबदला. मोबदला ०.३० असेल तर अपेक्षा ७.०१ उरते. मोबदला ०.८१ असेल तर अपेक्षा बरोबर ६.५०, म्हणजे दर हलणार नाही असंच बाजाराला वाटतंय आणि तरीही कर्व्ह चढता दिसतोय. नवीपेठकर, म्हणून चढत्या कर्व्हवरून 'दर वाढणार' असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

अलीकडचं उदाहरण देते. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला. त्यानंतर एक वर्षाच्या ट्रेझरी बिलाचा दर चारच्या खाली आणि दहा वर्षांच्या रोख्याचा सहाच्या आसपास, असा खूप चढता कर्व्ह बराच काळ होता. त्यातून काढलेले फॉरवर्ड सतत वाढ दाखवत होते. रेपो मात्र दोन वर्षं ४ वरच राहिला. मग ४ मे २०२२ ला अचानक वाढ सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. दिशा शेवटी बरोबर निघाली, पण वेळ साधली नाही.

---

नवीपेठकर

बाई, पण शेवटी दर वाढलाच ना? म्हणजे कर्व्ह खरं बोलत होता. उशीर झाला एवढंच. आणि हा मोबदला ०.३० की ०.८१ हे कोण ठरवणार? मोजताच येत नसेल तर कुठलाही आकडा त्यात खपवता येईल.

---

होटगीरोड_अर्थ

तुमची शंका रास्त आहे. मोबदला थेट कुठेच दिसत नाही, तो मॉडेलमधून काढावा लागतो आणि मॉडेल बदललं की आकडा बदलतो. पण 'उशीर झाला एवढंच' हे मला मान्य नाही. एक वर्षाचा फॉरवर्ड एका ठरावीक वर्षाबद्दल बोलतो. त्या वर्षी दर वाढला नाही तर तो अंदाज चुकला. तिसऱ्या वर्षी दर वाढला म्हणून पहिल्या वर्षाचा अंदाज बरोबर ठरत नाही.

अमेरिकी रोख्यांवर फामा आणि ब्लिस यांनी १९८७ मध्ये हेच तपासलं. एका वर्षाच्या टप्प्यावर फॉरवर्ड आणि स्पॉट यांतला फरक पुढचा दर फारसा सांगू शकला नाही. त्या काळात लांब बाँड धरणाऱ्याला किती जास्तीचा परतावा मिळेल, हे मात्र त्यातून बरंच कळलं. म्हणजे त्या फरकात अपेक्षेपेक्षा मोबदल्याचा हिस्सा मोठा होता. लांबच्या टप्प्यांवर, तीन-चार वर्षांच्या, दराबद्दल काहीतरी सांगण्याची ताकद त्यांना दिसली.

---

टॉवेल_अक्कलकोट_रोड

म्हणजे मी डॉलरबद्दल जे म्हणत होतो तेच की. आम्ही बँकेच्या फॉरवर्डकडे भविष्य म्हणून बघतच नाही. त्या रेटला आमचं मार्जिन निघतं का एवढं बघून बुक करतो.

---

डीलिंगरूम

अगदी. मघाशी शेवटी येतो म्हणालो होतो ते हेच. कर्ज घेणाऱ्यानेही ७.३१ कडे असंच बघावं.

होटगीरोड मॅडमच्या मुद्द्याला आपल्याकडची एक गोष्ट जोडतो. बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम एसएलआर म्हणून मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी लांब मुदतीचे रोखे घेतात, कारण त्यांची देणी लांबची आहेत. हे खरेदीदार एक वर्षाचा आणि वीस वर्षांचा रोखा यांची तुलना करून उड्या मारत नाहीत. त्यामुळे लांबच्या टोकाचा भाव अपेक्षेपेक्षा गरजेने जास्त हलतो असं माझं मत आहे. एक-दोन वर्षांच्या टोकाला, जिथे ट्रेझरी बिलं भरपूर फिरतात, तिथे अपेक्षा सिद्धांत बराच बरा चालतो.

---

होटगीरोड_अर्थ

लांबच्या टोकाबद्दल मी इतकं ठाम बोलणार नाही. मोठे खरेदीदार अडकलेले असले तरी परदेशी फंड, प्रायमरी डीलर आणि म्युच्युअल फंड यांचे सौदे चालूच असतात, आणि भाव शेवटचा सौदा ठरवतो.

---

डीलिंगरूम

शेवटचा सौदा ठरवतो हे खरं. पण तो किती रकमेचा होता तेही बघायला हवं. असो, यावर आमच्या डेस्कवरही एकमत नव्हतं.

---

अभिजित_केगाव

खूप शिकायला मिळालं. आता एक प्रकल्प करायचा विचार आहे. खऱ्या सरकारी रोख्यांचे भाव घेऊन एक ते दहा वर्षांपर्यंत प्रत्येक वर्षाचा फॉरवर्ड काढायचा. पद्धत तीच ना, एकेक कूपन बाजूला काढत पुढे जायचं?

---

डीलिंगरूम

पद्धत तीच, पण दोन खड्डे आहेत.

पहिला. आपले सरकारी रोखे वर्षातून दोनदा कूपन देतात. म्हणून वर्षाच्या नव्हे तर सहा-सहा महिन्यांच्या पायऱ्या लागतात. १८२ दिवसांचं आणि ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल पहिल्या दोन पायऱ्या देतात. तिसरीसाठी बरोबर दीड वर्ष उरलेला रोखा हवा, आणि तसा तो सहसा सापडत नाही. एक वर्ष पाच महिन्यांचा सापडेल, एक वर्ष आठ महिन्यांचा सापडेल, त्यातला एखादा कित्येक दिवस हातच न लागलेला असेल. अशा शिळ्या भावावर गणित करू नकोस.

दुसरा खड्डा मोठा आहे. फॉरवर्ड काढताना स्पॉटमधली छोटी चूक फुगते. नवीपेठकरांचा शॉर्टकट इथे कामाला येतो. दहाव्या वर्षाचा फॉरवर्ड म्हणजे साधारण दहा गुणिले दहा वर्षांचा स्पॉट, वजा नऊ गुणिले नऊ वर्षांचा स्पॉट. नऊचा ७.०० आणि दहाचा ७.०५ असेल तर ७०.५ वजा ६३, म्हणजे ७.५०. तोच दहाचा स्पॉट चुकून ७.०२ मोजलास तर ७.२०. स्पॉटमध्ये तीन बेसिस पॉइंटची चूक आणि फॉरवर्डमध्ये तीस. तुझा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली दिसायला लागला तर बाजार वेडा झाला असं लिहू नकोस, आधी कुठल्या रोख्याचा भाव शिळा आहे ते शोध.

म्हणून मी म्हणेन, बाजाराचे संदर्भ दर काढणारी संस्था एफबीआयएल रोज झिरो कूपन कर्व्ह प्रसिद्ध करते, तो गुळगुळीत केलेला असतो. त्यातले स्पॉट घेऊन फॉरवर्ड काढ. त्यांच्याकडे पार यील्डचाही तक्ता असतो, तो चुकून उचलू नकोस. पार यील्ड म्हणजे १०० ला विकल्या जाणाऱ्या बाँडचं कूपन, त्यात तुझ्या ७.२७ सारखीच भेसळ असते. आणि दर सहामाही चक्रवाढीचा आहे की वार्षिक, हे तक्त्याखालच्या टिपेत वाचून मगच पुढे जा.

---

अभिजित_केगाव

झिरोचाच तक्ता घेतो. तीन वर्षांच्या सरावाचं एक गणित केलंय, बघाल का? स्पॉट ६.५०, ६.९०, ७.१०. तिसऱ्या वर्षाचा फॉरवर्ड मला ७.५० आला. आणि एका वर्षानंतर सुरू होणारा दोन वर्षांचा दर ७.४०. दुसरा काढताना १.०७१ चा घन भागिले १.०६५ केलं आणि मग वर्गमूळ घेतलं.

---

डीलिंगरूम

दोन्ही बरोबर. इथे वर्गमूळ लागतंच, कारण दोन वर्षांची वाढ वर्षाला किती ते विचारलंय. ७.३० आणि ७.५० यांच्या मधोमध ७.४० पडतो का, तेही बघ. पडतोय.

---

नवीपेठकर

अभिजित, प्रकल्पात जुना डेटा घेऊन फॉरवर्ड आणि पुढचा खरा दर शेजारी-शेजारी मांड ना. कर्व्ह खरं बोलतो असं मी अजून म्हणतोच, पण २०२० ते २०२३ ची ती वर्षं आधी टाक. काय निघतंय ते मलाही बघायचंय.